"पाहा तक्ता २", आणि तक्ताच नाही

आमच्या विभागातली दुसऱ्या वर्षाची रेसिडेंट लॅपटॉप घेऊन माझ्या टेबलाशी आली तेव्हा तिची एक्स्ट्रॅक्शन शीट, म्हणजे निबंधांतले आकडे उतरवून घ्यायचा तक्ता, जवळजवळ भरून झाली होती. किशोरवयीन मुलींना आठवड्याला एक लोहाची गोळी दिली तर हिमोग्लोबिन किती वाढतं, यावरच्या प्रयोगांचा सिस्टिमॅटिक रिव्ह्यू ती करत होती. शाळांमधून वाटतात त्या निळ्या गोळीसारखीच गोळी, फक्त प्रयोग वेगवेगळ्या ठिकाणचे. मी विभागाचा स्टॅटिस्टिशियन, त्यामुळे मेटा-अ‍ॅनालिसिस, म्हणजे सगळ्या प्रयोगांच्या निकालांचा एकत्र हिशोब, चालवण्याआधी शीट माझ्या नजरेखालून जायची होती.

एका ओळीशी मी अडखळलो. त्या निबंधासमोर दोन्ही गटांचं प्रमाण विचलन, म्हणजे आपण रोज ज्याला एसडी म्हणतो ते, ०.१५ लिहिलं होतं. बाकीच्या सगळ्या निबंधांत ते १ ग्रॅम प्रति डेसिलिटरच्या आसपास होतं.

"हे ०.१५ कुठून घेतलं?"

"सर, तक्ता २ मधून."

"दाखवा बघू तक्ता २."

ती पीडीएफ खाली-वर करत राहिली. मग म्हणाली, "सर, खरं सांगायचं तर या पीडीएफमध्ये तक्ता २ नाहीये. एका जुन्या रिव्ह्यूमध्ये याच निबंधाचे आकडे मिळाले, ते घेतले."

पुढचे सात आठवडे या एका ओळीवर गेले. त्याची ही हकीकत. निबंध कोणता हे ओळखू येऊ नये म्हणून तपशील आणि आकडे मी बदलले आहेत, पण ते एकमेकांशी जुळतील असे ठेवले आहेत. कॅल्क्युलेटर हाताशी असेल तर हिशोब करून पाहता येईल.

आधी यादी

पहिलं काम अगदी कारकुनी होतं. निबंधाच्या मजकुरात जिथे जिथे तक्त्याचा किंवा आकृतीचा उल्लेख आहे ते प्रत्येक वाक्य कागदावर उतरवायचं, आणि समोर लिहायचं की ती गोष्ट फाइलमध्ये आहे की नाही. हे केल्याशिवाय काय हरवलंय हेच कळत नाही. एक तक्ता नसल्याचं डोळ्यांना दिसतं, बाकीचं नसणं दिसत नाही.

तेच झालं. तक्ता १, म्हणजे सुरुवातीला दोन्ही गट कसे होते तो, जागेवर होता. तक्ता २, म्हणजे १२ आठवड्यांनंतरचे निकाल, नव्हता. आकृती १, म्हणजे किती मुली घेतल्या, किती मध्येच सुटल्या, शेवटी किती मोजल्या याचा फ्लो चार्ट, तोही नव्हता. आणि आकृती २, ज्यात २४ आठवड्यांपर्यंतचा हिमोग्लोबिनचा आलेख असल्याचं मजकूर सांगत होता, तीही नव्हती. रेसिडेंटच्या लक्षात फक्त तक्ता २ आला होता, कारण तिला आकडे तिथून हवे होते.

दुसरा प्रश्न: या गोष्टी निबंधातूनच गायब आहेत, की आमच्या हातातल्या फाइलमधून? फाइल एका विद्यापीठाच्या संग्रहातून उतरवलेली होती. मी आधी शेवटची पानं पाहिली. जर्नलला पाठवलेल्या हस्तलिखितात तक्ते बहुधा संदर्भसूचीनंतर एकेका पानावर असतात आणि आकृत्या तर वेगळ्या फाइल म्हणूनच चढवलेल्या असतात. पुष्कळ लोक संदर्भसूची दिसली की वाचायचं थांबवतात आणि तक्ते नाहीत म्हणतात. इथे संदर्भसूचीनंतर तक्ता १ होता आणि तिथे फाइल संपत होती.

मग पाहिलं की चित्र फाइलमध्ये आहे पण दिसत नाही, असं तर नाही ना. कधीकधी पीडीएफ वाचणारं सॉफ्टवेअर एखादी प्रतिमा उघडतच नाही आणि तिथे कोरी जागा राहते. लिनक्सवर दोन ओळींत कळतं:

```
pdfimages -list nibandh.pdf
pdftotext -layout nibandh.pdf - | grep -n -i -E "table|figure"
```

पहिल्या ओळीनं फाइलमधल्या प्रतिमांची यादी येते. आमच्या यादीत विद्यापीठाच्या बोधचिन्हाखेरीज काहीच नव्हतं. आलेख रेषांनी काढलेला असला तर तो या यादीत येत नाही, म्हणून पानं डोळ्यांनीही पाहावी लागतात. ती पाहिली. दुसऱ्या ओळीनं मात्र एक उपयोगी गोष्ट सापडली. निकालांच्या भागात, दोन परिच्छेदांच्या मधे, `[Table 2 about here]` अशी ओळ होती. छापील निबंधात असं सहसा नसतं. ही ओळ लेखक जर्नलसाठी लिहितात, तक्ता इथे लावा म्हणून. म्हणजे आमच्याकडे होतं ते लेखकाचं हस्तलिखित. जर्नलनं छापलेली प्रत वेगळी असणार आणि तिच्यात तक्ता २ असण्याची दाट शक्यता होती. संग्रहात चढवताना तक्ता १ हस्तलिखिताला जोडलेला राहिला आणि बाकीच्या वेगळ्या फाइल मागे राहिल्या, असा माझा अंदाज. तो मी अंदाज म्हणूनच नोंदवला.

"दिलेलं नाही" की "दिसलं नाही"

रेसिडेंटच्या शीटमध्ये २४ आठवड्यांच्या रकान्यात "नॉट रिपोर्टेड" लिहिलं होतं. हे दोन शब्द मला त्या ०.१५ पेक्षाही जास्त खटकले.

तिचं म्हणणं सरळ होतं. "सर, आकडा नाही मिळाला, म्हणून तसं लिहिलं." पण रिव्ह्यू वाचणारा त्याचा अर्थ वेगळा घेतो. निकाल मोजला होता आणि निबंधात दिला नाही, म्हणजे लेखकांनी सोयीचे निकाल दाखवून गैरसोयीचे गाळले असतील, अशी शंका त्या शब्दांतून उभी राहते. पक्षपाताची जोखीम तपासायच्या रॉब २ या साधनात एक अख्खा विभाग कोणता निकाल निवडून दाखवला यासाठी आहे. तिनं तिथे या निबंधाला "हाय रिस्क" दिलाही होता. का, तर आमच्या फाइलमध्ये एक आलेख नव्हता! लेखकांनी आलेख काढला होता, मजकुरात त्याचा उल्लेखही केला होता. चढवणाऱ्याच्या हातून राहिलेल्या फाइलचं खापर आम्ही लेखकांवर फोडत होतो.

तेव्हा शीटमधला कोरा रकाना आम्ही मोडीत काढला. त्याच्या जागी चार खुणा ठरवल्या. मोजलंच नाही. मोजलं, पण निबंधाच्या पूर्ण प्रतीतही आकडा नाही. निबंधात आहे असं मजकूर म्हणतो, पण आमच्या प्रतीत नाही. आणि चौथी, आकडा आम्ही मजकुरातून हिशोबानं काढला. दुसरी खूण द्यायची तर छापील पूर्ण प्रत डोळ्यांनी पाहिलेली असलीच पाहिजे, असा नियम केला. रॉब २ मधल्या त्या प्रश्नांना "नो इन्फर्मेशन" असं उत्तर देता येतं, ते तूर्तास दिलं.

हा बदल करायला अर्धा तासही लागला नाही. पण मग बाकीचे निबंध पुन्हा चाळावे लागले, आणि आणखी दोन ठिकाणी "नॉट रिपोर्टेड" हे खरं म्हणजे "आम्ही पाहिलं नाही" असं निघालं. दोन्हीकडे पुरवणी फाइल उतरवायची राहिली होती.

मजकुरातून किती निघतं

छापील प्रत मागवायला ग्रंथपालांना सांगितलं. त्याला वेळ लागणार होता, तोवर हातातल्या मजकुरातून काय निघतं ते पाहायला बसलो. निकालांच्या भागातलं मुख्य वाक्य साधारण असं होतं: १२ आठवड्यांत गोळी घेणाऱ्या गटात हिमोग्लोबिन सरासरी ०.८ ग्रॅमनं वाढलं, दुसऱ्या गटात ०.३ नं, पी व्हॅल्यू ०.०२, पाहा तक्ता २. पद्धतीच्या भागात लिहिलं होतं की गटांत ४६ आणि ४४ मुली घेतल्या आणि तुलना साध्या टी टेस्टनं केली.

एसडी कुठेच नाही. पण फरक, पी व्हॅल्यू आणि दोन्ही गटांतली संख्या हाताशी असली तर उलट चालत एसडीपर्यंत पोचता येतं. ही माझी युक्ती नव्हे, कॉक्रेन हँडबुकमध्ये सांगितलेली रीत आहे. आर या सांख्यिकी सॉफ्टवेअरमध्ये तीन ओळी:

```
t  <- qt(1 - 0.02/2, df = 88)
se <- 0.5 / t
sd <- se / sqrt(1/46 + 1/44)
```

९० मुली, दोन गट, म्हणून ८८. त्यावर ०.०२ ही पी व्हॅल्यू यायला टी साधारण २.३७ हवा. गटांमधला फरक ०.५, त्याला २.३७ नं भागलं की फरकाची प्रमाण त्रुटी ०.२११ येते. तिला १/४६ अधिक १/४४ च्या वर्गमुळानं भागलं की एसडी येतो १.००.

आता ते ०.१५ पुन्हा पाहा. एसडी खरंच ०.१५ असता तर फरकाची त्रुटी ०.०३२ आली असती आणि टी १५ च्या वर गेला असता. असा टी असताना पी व्हॅल्यू ०.०२ छापणं शक्यच नाही, तिथे ०.००१ पेक्षा कमी असंच लिहिलं जातं. म्हणजे जुन्या रिव्ह्यूतला आकडा निबंधाच्या स्वतःच्या वाक्याशीच भांडत होता. मग मी ०.१५ ला ४६ च्या वर्गमुळानं, म्हणजे ६.७८ नं, गुणून पाहिलं. उत्तर १.०२. चोर सापडला असं वाटलं: जुन्या रिव्ह्यूनं प्रमाण त्रुटी, म्हणजे एसई, एसडीच्या रकान्यात भरली होती. मेटा-अ‍ॅनालिसिस करणाऱ्यांना ही चूक चांगली ओळखीची आहे. इतर निबंधांच्या मानानं एखादा एसडी सहा-सात पटीनं लहान दिसला की आधी नमुन्याच्या वर्गमुळानं गुणून बघायचं.

चूक लहान दिसते, परिणाम लहान नसतो. मेटा-अ‍ॅनालिसिसमध्ये निबंधाचं वजन त्रुटीच्या वर्गाच्या उलट प्रमाणात ठरतं. एसडीच्या जागी एसई घातली की त्या निबंधाची त्रुटी खोटी लहान होते आणि फिक्स्ड इफेक्टच्या हिशोबात त्याचं वजन चाळीस-पंचेचाळीस पट फुगतं. नव्वद मुलींचा एक लहानसा प्रयोग बाकी सगळ्यांना ओढत नेतो.

रेसिडेंट खूश झाली. "मग सर, १.०० भरू?"

इथे मी थांबवलं. हिशोबातून आलेला १.०० दिसतो फार नेटका, पण तो तीन गोष्टी गृहीत धरून उभा आहे.

पहिली, पूर्णांकन. मजकुरात ०.०२ छापलंय म्हणजे खरी पी व्हॅल्यू ०.०१५ ते ०.०२५ मध्ये कुठेही असेल. त्यानं एसडी फारसा हलत नाही, साधारण ०.९६ ते १.०४. पण ०.८ आणि ०.३ हेही पूर्णांकनानंतरचे आकडे आहेत. खरे आकडे ०.७५ आणि ०.३५ असतील तर फरक ०.४, आणि ०.८५ आणि ०.२५ असतील तर ०.६. त्यानुसार एसडी ०.८ पासून १.२ पर्यंत जातो. सगळे पी व्हॅल्यूकडे संशयानं बघतात, पण इथे खरी अनिश्चितता सरासरीच्या दुसऱ्या दशांशात लपलेली होती.

दुसरी, टेस्ट. साधी टी टेस्ट केली असं निबंध म्हणतो म्हणून ही रीत चालली. सुरुवातीच्या हिमोग्लोबिनप्रमाणे समायोजन करून काढलेली पी व्हॅल्यू असती तर उलट हिशोबातून येणारा एसडी वेगळ्याच कशाचा तरी असता. आणि नुसतं "०.०५ पेक्षा कमी" एवढंच लिहिलं असतं तर आपल्याला फक्त वरची मर्यादा मिळाली असती.

तिसरी गोष्ट मला सर्वांत जास्त बोचत होती. ४६ आणि ४४ हे घेतलेल्या मुलींचे आकडे. शेवटी रक्त किती जणींचं तपासलं? शाळेतल्या प्रयोगात १२ आठवड्यांत काही मुली गळतातच: परीक्षा, बदली, सुई नको म्हणणाऱ्या. ते आकृती १ मध्ये असणार, आणि आकृती १ आमच्याकडे नव्हती. यादी केली नसती तर हा प्रश्न डोक्यातही आला नसता.

म्हणून शीटमध्ये १.०० गेला, पण पिवळ्या रंगात, चौथ्या खुणेसह. शेजारच्या रकान्यात कोणत्या पानावरच्या कोणत्या वाक्यातून काढला, काय गृहीत धरलं आणि पल्ला ०.८ ते १.२, हे सगळं. मुख्य विश्लेषणाबरोबर आणखी तीन वेळा चालवायचं ठरलं: ०.८ घेऊन, १.२ घेऊन आणि हा निबंध वगळून. रिव्ह्यू कसा लिहावा हे सांगणाऱ्या प्रिझ्मा २०२० मध्येही अपुऱ्या माहितीबद्दल काय गृहीत धरलं आणि नसलेले सांख्यिकी आकडे कसे हाताळले, हे सांगायला स्वतंत्र कलमं आहेत, तेव्हा हे सगळं पुढे लिहावं लागणारच होतं.

लेखकाला काय विचारायचं

पत्रव्यवहाराचा ईमेल बंद झाला होता, पत्र परत आलं. दुसऱ्या लेखकाचा पत्ता त्यांच्या अलीकडच्या एका निबंधात मिळाला. रेसिडेंटनं मसुदा करून आणला. त्यात तिनं लिहिलं होतं: आम्ही आपल्या निबंधातून एसडी १.०० काढला आहे, तो बरोबर आहे का, कृपया कळवावं.

मी ते वाक्य खोडलं. दहा-बारा वर्षांपूर्वीचं काम, समोरचा माणूस कामात बुडालेला. त्याला तयार आकडा दिला तर तो म्हणणार, हो, बरोबर वाटतंय. ते उत्तर म्हणजे आमचाच आकडा त्याच्या सहीनं परत आलेला. त्यापेक्षा आम्ही कोरा तक्ता जोडला: दोन गट, प्रत्येकात किती मुली मोजल्या, सरासरी वाढ, तिच्यासोबत दिलेला विचलनाचा आकडा आणि तो एसडी आहे की एसई. शिवाय विनंती केली की भरायला वेळ नसेल तर छापील पानाचा फोटो पाठवला तरी चालेल. आकृती १ आणि २ बद्दलही तसंच. विद्यापीठाच्या संग्रहातल्या प्रतीत या तीन गोष्टी नाहीत हे एका वाक्यात सांगितलं, तक्रारीचा सूर न लावता. त्या बिचाऱ्यांना हे माहीतही नसणार.

दोन आठवडे काही नाही. एक आठवण पाठवली. प्रत्येक पत्राची तारीख शीटमध्ये लिहिली, कारण "लेखकांशी संपर्क साधला" या वाक्याला तारखांशिवाय काही अर्थ नसतो. आठवण दोनदाच पाठवायची आणि सहा आठवड्यांनी आहे त्यावर पुढे जायचं, हे आधीच ठरवलं होतं.

पाचव्या आठवड्यात फोटो आला. जर्नलचा अंक टेबलावर उघडा ठेवून मोबाइलनं काढलेला, पान थोडं वाकलेलं. तक्ता २. गोळीचा गट, ४१ मुली, ०.८ ± ०.१५. दुसरा गट, ४० मुली, ०.३ ± ०.१५. पान सपाट धरण्यासाठी ठेवलेला अंगठा नेमका तक्त्याच्या खालच्या कडेवर.

रेसिडेंटचा चेहरा पडला. "सर, म्हणजे ०.१५ च बरोबर होतं?"

तक्त्यात ± नंतर काय आहे ते कुठे लिहिलेलं असतं? शीर्षकात, रकान्याच्या डोक्यावर किंवा तळटीपेत. शीर्षकात नव्हतं, रकान्याच्या डोक्यावर नव्हतं, आणि तळटीप अंगठ्याखाली होती. "अंगठा जरा बाजूला घेऊन आणखी एक फोटो पाठवाल का", हे आदबीनं लिहिण्यात आम्ही दोघांनी दहा मिनिटं घालवली. दुसऱ्या दिवशी फोटो आला. तळटीप एका ओळीची होती: आकडे सरासरी ± प्रमाण त्रुटी.

आता हिशोब पुन्हा. ०.१५ गुणिले ४१ चं वर्गमूळ, ०.९६. दुसऱ्या गटाचं ०.१५ गुणिले ४० चं वर्गमूळ, ०.९५. पडताळा म्हणून उलट दिशेनं: दोन्ही त्रुटींच्या वर्गांची बेरीज, तिचं वर्गमूळ ०.२१२, फरक ०.५ भागिले ते, टी २.३६, पी ०.०२. मजकुरातल्या वाक्याशी जुळलं. आमचा १.०० थोडा जास्त होता, आणि तोही अंदाज होता त्याच कारणामुळे: आम्ही ९० मुली धरल्या, मोजल्या होत्या ८१. पिवळा रकाना पांढरा झाला. जुना १.०० आम्ही पुसला नाही, टिपणीच्या रकान्यात सरकवला, त्याखाली फोटो मिळाल्याची तारीख.

जुन्या रिव्ह्यूच्या लेखकांनाही लिहिलं. त्यांनी चूक कबूल केली. त्यांच्याकडच्या स्कॅनमध्ये तक्त्याखालची ओळ कापली गेली होती.

आकृती २ मिळाली नाही

ग्रंथपालांमार्फत छापील प्रतीची छायाप्रत सातव्या आठवड्यात आली. तिच्यात आकृती १ होती आणि ४१ व ४० या आकड्यांना दुजोरा मिळाला. आकृती २ मात्र त्या पानावर एक काळपट चौकोन होती. मूळ आलेख बहुधा रंगीत किंवा करड्या छटांचा असावा, छायाप्रतीत दोन्ही रेषा एकमेकींत मिसळून गेल्या होत्या. चांगली प्रत असती तर आलेखावरून आकडे उचलता येतात. पानाची प्रतिमा डिजिटायझर सॉफ्टवेअरमध्ये घालायची, दोन्ही अक्षांवरचे ज्ञात बिंदू दाखवायचे आणि रेषेवर टिंबं मारायची. दोघांनी वेगवेगळं करून ताडून पाहायचं. पण इथे टिंब मारायला रेषाच नव्हती. दुसऱ्या लेखकाला पुन्हा विचारलं. त्यांच्या अंकातलं ते पान पाण्यानं खराब झालं होतं आणि मूळ फाइल त्यांच्याकडे राहिली नव्हती.

२४ आठवड्यांबद्दल मजकुरात एकच वाक्य होतं: गोळ्या थांबवल्यावर हिमोग्लोबिनमध्ये किंचित घट दिसली, पाहा आकृती २. रेसिडेंटनं विचारलं, "किंचित म्हणजे ०.१ धरायचं का?" मी विचारलं, कशाच्या मानानं किंचित? १२ आठवड्यांच्या मानानं की सुरुवातीच्या? एका गटात की दोन्हींत? त्या शब्दाला आकडा देणं म्हणजे आकृती आपणच काढणं.

२४ आठवड्यांच्या विश्लेषणात हा निबंध घेतला नाही. रिव्ह्यूत त्याबद्दल जे छापलं त्याचा मजकूर असा:

"या प्रयोगात २४ आठवड्यांनंतरचं हिमोग्लोबिन मोजलं होतं आणि ते निबंधाच्या आकृती २ मध्ये दिलं आहे. आम्हाला मिळालेल्या दोन प्रतींपैकी एकीत ही आकृती नाही आणि दुसरीत ती वाचता येत नाही. लेखकांकडेही ती उपलब्ध नाही. म्हणून या निकालाचा समावेश करता आला नाही. गोळ्या थांबवल्यावर 'किंचित घट' दिसल्याचं लेखकांनी मजकुरात नोंदवलं आहे. तिचं प्रमाण आम्हाला माहीत नाही. १२ आठवड्यांचे आकडे लेखकांनी पुरवलेल्या छापील तक्त्याच्या फोटोवरून घेतले असून मूळ तक्त्यातल्या प्रमाण त्रुटीवरून प्रमाण विचलन काढलं आहे."

समीक्षकानं यावर एकच शेरा मारला: फारच लांबण लावली आहे, "डेटा नॉट अव्हेलेबल" एवढं पुरे. आम्ही उत्तरात लिहिलं की त्या तीन शब्दांतून डेटा कुणाकडे उपलब्ध नाही हे कळत नाही. मजकूर तसाच राहिला, फक्त मुख्य भागातून पुरवणीत गेला. ती पुरवणी फाइल जर्नलच्या पानावर खरंच चढली आहे ना, हे रेसिडेंटनं प्रसिद्धीच्या दिवशी घरून, कॉलेजच्या लॉगिनशिवाय, उघडून पाहिलं. पहिल्या दिवशी ती उघडत नव्हती. संपादकांना कळवल्यावर तिसऱ्या दिवशी उघडली.